मालमत्ता चोवीस, हिस्से सत्तावीस!

मुसलमान कुटुंबात वारसांचे हिस्से ठरलेले असतात. तरीही कधी त्यांची बेरीज मालमत्तेपेक्षा जास्त होते, तर कधी थोडे शिल्लक राहते. अशा वेळी पत्नी, आईवडील आणि मुली यांची वाटणी कशी करायची?

चाळिसावा आटोपतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग घरात वाटणीचा विषय निघतो. यात वाद होण्यासारखे काही नाही असे सगळ्यांनाच वाटत असते. पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा, वडिलांना सहावा आणि दोन मुलींना मिळून दोनतृतीयांश. घरातला एखादा शिकलेला भाचा कागद-पेन्सिल घेऊन बसतो, बेरीज करतो आणि बुचकळ्यात पडतो. मालमत्तेचे २४ भाग केले तर वाटायचे आहेत २७! तो पुन्हा बेरीज करतो, तरी २७च.

शेजारच्या घरात मुलगी एकच असते. तिथे हिशेब उलटा येतो. सगळ्यांना देऊन झाल्यावर २४ पैकी एक भाग शिल्लक राहतो आणि तो कोणाचा यावरून कुजबुज सुरू होते.

या दोन्ही घरांत बेरीज चुकलेली नाही. असे घडू शकते हे जुन्या कायदेपंडितांना तेराशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे आणि त्यावरचे उत्तरही ठरलेले आहे. ते घरात माहीत नसले, तर नुकसान बहुधा त्या वेळी सर्वांत गप्प बसलेल्या व्यक्तीचे, म्हणजे विधवेचे होते.

आधी वजाबाकी, मग वाटणी

समजा, एका सद्गृहस्थाचे निधन झाले. मागे पत्नी, आई, वडील आणि मुली आहेत. मुलगा नाही. राहते घर, दुकानाचा गाळा आणि बँकेतील ठेव मिळून मालमत्ता २४,००,००० रुपयांची आहे.

या सगळ्या रकमेची वाटणी होत नाही. त्यातून आधी दफनविधीचा खर्च वजा होतो, मग कर्ज फेडले जाते. पत्नीचा मेहेर द्यायचा राहून गेला असेल, तर तेही पतीवरचे कर्जच असते. तो वारसाहक्काचा भाग नव्हे. मेहेर घेतला म्हणून पत्नीचा हिस्सा कमी होत नाही आणि हिस्सा मिळाला म्हणून मेहेर बुडत नाही. मृत्युपत्र असेल, तर कर्ज फेडून उरलेल्या रकमेच्या एकतृतीयांशापर्यंत ते पाळले जाते.

आपल्या उदाहरणात दफनविधीला ३०,००० रुपये लागले, कर्ज १,६०,००० रुपयांचे होते आणि मेहेर ५०,००० रुपये द्यायचा होता. मृत्युपत्र नाही. हे २,४०,००० रुपये वजा केले की वाटणीसाठी २१,६०,००० रुपये उरतात. पुढचा सगळा हिशेब याच रकमेचा आहे.

हिस्से येतात कुठून?

कुराणातील सूरा निसाच्या ११व्या आणि १२व्या आयतीत हे हिस्से सांगितले आहेत. मृताला मूलबाळ असेल तर पत्नीला १/८ आणि आई व वडील यांना प्रत्येकी १/६. मुलगा नसून मुलगी एकच असेल तर तिला १/२, दोन किंवा अधिक मुली असतील तर सर्वींना मिळून २/३.

यातला प्रत्येक हिस्सा संपूर्ण मालमत्तेचा आहे, आधीच्या वारसाला देऊन उरलेल्या रकमेचा नव्हे. घरगुती वाटणीत पहिली चूक इथेच होते. पत्नीला आठवा भाग देऊन टाकतात आणि आईचा सहावा भाग उरलेल्या पैशांतून काढतात. मग आईला ३,६०,००० ऐवजी ३,१५,००० रुपयेच मिळतात आणि पुढची सगळी गणिते बिघडतात.

निरनिराळे अपूर्णांक एकत्र मोजण्यासाठी सर्वांचा छेद सारखा करावा लागतो. ८, ६, ३ आणि २ या चारही संख्यांनी भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या २४ आहे. म्हणून मालमत्तेचे २४ भाग करतात. पत्नीचे ३ भाग, आईचे ४, वडिलांचे ४, एका मुलीचे १२ किंवा दोन मुलींचे मिळून १६.

मुलगा असता तर ही अडचण आलीच नसती. मग मुलीला ठरावीक हिस्सा राहत नाही. पत्नी आणि आईवडील यांचे ११ भाग देऊन उरलेले १३ भाग मुलगे आणि मुली दोनास एक या प्रमाणात घेतात. उरेल तेवढे घ्यायचे असल्यामुळे बेरीज कधीच चुकत नाही. फक्त मुलीच असल्या की ठरावीक हिस्से समोरासमोर येतात.

बेरीज वाढली तर : औल

पहिल्या घरात दोन मुली आहेत. ३, ४, ४ आणि १६ मिळून होतात २७.

जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येईल. दोन मुलींचे १६ आणि आईवडिलांचे ८ मिळून बरोबर २४ होतात. म्हणजे आधी या चौघांना देऊन टाकले, तर मालमत्ता तिथेच संपते आणि पत्नीच्या वाट्याला एक पैसाही उरत नाही. ‘आम्ही कुणाला जास्त दिले नाही, सगळे नियमाप्रमाणेच दिले,’ असे म्हणत घरातली मंडळी विधवेला रिकाम्या हाताने उठवू शकतात. उलट पत्नीला आधी देऊन टाकले, तर शेवटी बसलेल्याचे तीन भाग कमी पडतात. मग शेवटी कोणाला बसवायचे, हाच वाद होतो.

सुन्नी कायद्याचे उत्तर असे की कोणालाच शेवटी बसवायचे नाही. तूट सर्वांनी आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात सोसायची. या पद्धतीला अरबीत ‘औल’ म्हणतात. औल म्हणजे वाढ; वाढतो तो अपूर्णांकाचा छेद. ताटातली वडी तेवढीच असते, पण तिचे २४ ऐवजी २७ तुकडे कापायचे. तुकडे मोजून द्यायचे ते पूर्वीइतकेच, फक्त प्रत्येक तुकडा किंचित लहान होतो.

आता २१,६०,००० ला २७ने भागा. एक भाग ८०,००० रुपयांचा झाला. पत्नीला ३ भागांचे २,४०,००० रुपये, आईला ४ भागांचे ३,२०,०००, वडिलांना तेवढेच ३,२०,००० आणि दोन मुलींना १६ भागांचे १२,८०,०००, म्हणजे प्रत्येकीला ६,४०,००० रुपये. बेरीज करून पाहा, बरोबर २१,६०,००० येते.

पत्नीला पूर्ण आठवा हिस्सा मिळाला असता तर २,७०,००० रुपये आले असते. तिचे ३०,००० रुपये कमी झाले हे खरे, पण प्रत्येकाचाच नववा भाग त्याच प्रमाणात कमी झाला आहे. पत्नीच्या ३ भागांना आईचे ४ भाग हे प्रमाण आधी होते, ते आताही आहे.

औलची पद्धत दुसरे खलीफा हजरत उमर यांच्या काळात, इसवी सनाच्या सातव्या शतकात रूढ झाली असे सुन्नी परंपरा मानते. त्या वेळी प्रश्न आला होता तो पती आणि दोन बहिणी यांचा. पतीचा अर्धा आणि बहिणींचे दोनतृतीयांश मिळून सहा भागांचे सात होत होते. आपल्या उदाहरणातल्या २७ भागांच्या प्रश्नाला मात्र स्वतःचे नाव आहे. त्याला ‘मिंबरिया’, म्हणजे मिंबरावरचा प्रश्न म्हणतात. हजरत अली मशिदीत मिंबरावरून प्रवचन देत असताना कोणी तरी त्यांना पत्नी, आईवडील आणि दोन मुली यांची वाटणी विचारली आणि त्यांनी प्रवचनाच्या ओघातच पत्नीचा आठवा भाग नववा झाल्याचे सांगितले, अशी कथा सुन्नी ग्रंथांत येते. सत्तावीसपैकी तीन म्हणजे नववा भागच!

बेरीज कमी पडली तर : आधी वडील, मग रद्द

आता दुसरे घर. इथे मुलगी एकच आहे. ३, ४, ४ आणि १२ मिळून २३ होतात. एक भाग, म्हणजे ९०,००० रुपये उरतात.

‘चौघांत सारखे वाटून टाका’ असे कोणी सुचवते. ऐकायला ते बरे वाटते, पण सुन्नी कायद्यात तसे चालत नाही. तिथे उरलेला भाग आधी मृताच्या पितृकुलातील जवळच्या नातलगाकडे जातो. उरलेले घेणारा असा नातलग म्हणजे ‘असबा’. मुलगा नसेल तेव्हा वडील स्वतःच असबा असतात. त्यामुळे वडिलांच्या दोन भूमिका होतात. एक सहाव्या हिश्श्याचे वारस म्हणून आणि दुसरी उरलेले घेणारे म्हणून.

त्यामुळे पत्नीला २,७०,००० रुपये, आईला ३,६०,०००, मुलीला १०,८०,००० आणि वडिलांना ३,६०,००० अधिक ९०,०००, असे ४,५०,००० रुपये मिळतात. आईपेक्षा वडिलांना जास्त कसे, असा प्रश्न आजीच्या मनात आला तर त्याचे उत्तर हे आहे.

वडील आधीच वारलेले असतील तर? मग पत्नीचे ३, आईचे ४ आणि मुलीचे १२ मिळून १९ होतात आणि चांगले ५ भाग, म्हणजे ४,५०,००० रुपये उरतात. आता पाहायचे की पितृकुलातील दुसरा असबा हयात आहे का. मृताचा सख्खा भाऊ असेल तर हे पाच भाग त्याचे. भाऊ नसेल तर पुतण्या, काका, चुलतभाऊ असे ठरलेल्या क्रमाने पाहत जावे लागते. सख्खी बहीणसुद्धा मुलीसोबत असबा होऊन उरलेले घेऊ शकते. ‘जवळचे कुणी नाही’ असे घाईने गृहीत धरून केलेली वाटणी पुढे एखाद्या चुलत्याच्या नोटिशीने मोडू शकते ती याच कारणाने.

असा कोणीही नसेल तरच उरलेला भाग ठरावीक हिस्सेदारांकडे परत येतो. याला ‘रद्द’ म्हणतात. मराठीत रद्द म्हणजे बाद झालेले. शब्द तोच अरबीतला आहे, पण इथे त्याचा अर्थ परतणे, माघारी येणे. मात्र हा परतलेला भाग पत्नीला मिळत नाही. तो आई आणि मुलगी यांच्यात त्यांच्या मूळ हिश्श्यांच्या प्रमाणात, म्हणजे एकास तीन असा जातो.

हिशेब करण्याची सोपी रीत अशी. पत्नीचा आठवा भाग, २,७०,००० रुपये, आधी बाजूला काढा. राहिले १८,९०,०००. त्याचे चार भाग करा. एक भाग आईचा, ४,७२,५०० रुपये. तीन भाग मुलीचे, १४,१७,५०० रुपये. या एकाच ठिकाणी पत्नीचा हिस्सा आधी काढून मग उरलेल्याची वाटणी होते, कारण तिला परतीत भाग नसतो.

इथे एक विसंगती वाटते ती खरीच आहे. तूट आली की पत्नीने ती इतरांबरोबर सोसायची, पण शिल्लक उरली की तिने त्यात वाटा मागायचा नाही. याचे पारंपरिक स्पष्टीकरण असे की परतीचा हक्क रक्ताच्या नात्यावर आहे आणि पतीपत्नीचे नाते विवाहाचे आहे. पत्नीशिवाय दुसरा कोणताही वारस नसेल तर मात्र भारतात उरलेले तिलाच मिळते. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७८ साली हे मान्य केले.

शिया कुटुंबात हिशेब वेगळा

आतापर्यंतचा हिशेब सुन्नी हनफी कायद्याचा झाला. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई, पण आईवडील दोघेही हयात असतानाची वरची दोन्ही उदाहरणे त्यांच्याकडेही तशीच सुटतात. शिया इस्ना अशरी कुटुंबात मात्र आकडे बदलतात.

शिया कायद्याला औल मान्य नाही. मालमत्तेचे हिस्से मालमत्तेपेक्षा मोठे असूच शकत नाहीत, ही त्यामागची भूमिका आहे. त्यामुळे दोन मुलींच्या उदाहरणात पत्नीला पूर्ण आठवा हिस्सा, २,७०,००० रुपये मिळतात. आईवडिलांना प्रत्येकी पूर्ण सहावा, ३,६०,००० रुपये. तूट एकट्या मुलींनी सोसायची. त्यांना १६ ऐवजी १३ भाग, म्हणजे मिळून ११,७०,००० आणि प्रत्येकी ५,८५,००० रुपये येतात.

तूट मुलींवरच का? भाऊ असता तर मुलींचा ठरावीक हिस्सा राहिलाच नसता, त्यांनी उरेल तेच घेतले असते. मूलबाळ असताना पत्नी आणि आईवडील यांचा हिस्सा मात्र ठरावीकच राहतो. ज्यांचा हिस्सा मुळातच बदलणारा आहे त्यांनी तूट सोसावी, असा हा विचार. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास यांनीही औलला असाच विरोध केला होता.

एकच मुलगी असेल तेव्हाही फरक पडतो. शिया कायद्यात पितृकुलाला उरलेले देण्याची पद्धत नाही. उरलेला चोविसावा भाग आई, वडील आणि मुलगी यांच्याकडे एकास एक आणि एकास तीन अशा प्रमाणात परततो. पत्नीचे २,७०,००० बाजूला ठेवून उरलेल्या १८,९०,००० चे पाच भाग करायचे. आईला ३,७८,०००, वडिलांना ३,७८,००० आणि मुलीला ११,३४,००० रुपये मिळतात. मात्र मृताला दोन भाऊ असतील आणि वडील हयात असतील, तर आई या परतीतून वगळली जाते. भावाला स्वतःला काही मिळत नाही, पण त्याच्या असण्याने आईचा वाटा घटतो. म्हणून शिया कुटुंबानेही भावाबहिणींची नावे लिहून ठेवावीत.

वडील नसून पत्नी, आई आणि मुलगी एवढ्याच असतील तर शिया कायद्यात मृताच्या भावाला एक पैही मिळत नाही. सुन्नी घरात त्याच भावाला ४,५०,००० रुपये मिळतात. तेव्हा आकडेमोड सुरू करण्यापूर्वी मृत व्यक्ती कोणत्या पंथाची होती, हे आधी विचारावे.

चूक झाली हे कसे ओळखाल?

तयार झालेला वाटणीचा कागद हाती आला की तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सर्व अपूर्णांकांना एकच छेद द्या आणि वरच्या आकड्यांची बेरीज करा. ती खालच्या आकड्याइतकीच आली पाहिजे. औलच्या वाटणीत पत्नीसमोर १/८, आईसमोर १/६ आणि मुलींसमोर २/३ असे मूळ हिस्से तसेच लिहिलेले दिसले, तर कागद अपुरा आहे. तिथे ३/२७, ४/२७, ४/२७ आणि १६/२७ असे लिहिलेले हवे. घरासारखी मालमत्ता प्रत्यक्ष तोडता येत नाही. ती सर्वांच्या नावावर सामाईक राहते आणि पुढे विकली गेली की किंमत याच अपूर्णांकांनी वाटली जाते. म्हणून कागदावर ते बिनचूक असावे लागतात.

दुसरी, पत्नी आणि आई यांच्या रकमा शेजारी ठेवून पाहा. सुन्नी घरात औल झाला असेल तर त्यांचे प्रमाण ३ आणि ४ असेच असले पाहिजे. पत्नीची रक्कम त्याहून कमी दिसली, तर सगळी तूट तिच्या एकटीच्या माथी मारली आहे असे समजावे.

तिसरी, मेहेर कुठे लिहिला आहे ते पाहा. तो कर्जाच्या यादीत असावा. पत्नीच्या हिश्श्यातून तो वळता केला असेल, तर आपल्या उदाहरणातील पत्नीला मेहेर आणि हिस्सा मिळून २,९०,००० ऐवजी २,४०,००० रुपयेच पडतील.

बँकेच्या ठेवीला कोणाचे नामनिर्देशन आहे यावरही बरेच गैरसमज असतात. नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते, पण त्यामुळे ती त्या पैशांची एकटी मालक होत नाही. ती रक्कमही सर्व वारसांच्या वाटणीत येते.

हा कायदा लागू कुठे होतो, तेही पाहावे. १९३७च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या वारसाहक्काला त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू केला, पण त्यातून शेतजमीन वगळली होती, त्यामुळे शेतजमिनीचा नियम राज्यागणिक बदलतो. गोव्यात सर्व धर्मीयांना पोर्तुगीज काळापासून समान वारसा कायदा आहे आणि उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा अमलात आला आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या मुसलमान दांपत्याच्या वारशालाही हे हिस्से लागू नसतात.

मुली अज्ञान असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. मुस्लिम कायद्याने आई मुलींची सांभाळकर्ती असली तरी त्यांच्या मालमत्तेची पालक आपोआप ठरत नाही. वडिलांमागे तो अधिकार आजोबांकडे जातो. आजोबा नसतील आणि वडिलांनी मृत्युपत्रात कोणाला नेमलेही नसेल, तर आईने १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून नेमणूक करून घ्यावी. त्याशिवाय तिने मुलींच्या हिश्श्याचे घर विकले, तर ती विक्री टिकत नाही. सत्तावीसपैकी सोळा भाग मुलींचे असलेल्या घरात ही विक्री कोसळली, तर घर घेणाराही अडकतो आणि पैसे खर्च करून बसलेली आईही.